रोज 49 हजार भरण्याचा सल्ला थांबवा: गोव्यातील बँकांना खुले पत्र

पणजी, 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
गोव्यातील सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांचे विभागीय व्यवस्थापक, शाखाधिकारी आणि रोखपाल यांस,

स.न.वि.वि.

आम्ही बार्देश, तिसवाडी, फोंडा आणि सत्तरी भागात छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिणारे आणि त्यांची आयकर विवरणपत्रे भरणारे करसल्लागार आहोत. मासळी, भाजी आणि काजू विकणारे, पाव भाजणारे, खानावळी चालवणारे असे आमचे बहुतेक पक्षकार. यांचा धंदा रोखीत चालतो आणि ती रोख शेवटी तुमच्याच काउंटरवर येते. आयकर खात्याची विचारणा आली की हे लोक आमच्याकडे कागद घेऊन येतात. ते कागद पाहताना एक गोष्ट सतत दिसते. अडचण धंद्यात किंवा कर बुडवण्यात नसते. शाखेत कोणीतरी सहज दिलेल्या चुकीच्या सल्ल्यात असते. हे पत्र त्या सल्ल्याबद्दल आहे. खातेदारांनाही नियम समजावेत म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहोत.

सल्ला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. "पन्नास हजारांच्या वर भरू नका, पॅन लागेल. आज 49 हजार भरा, उरलेले उद्या आणा." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रांग मोठी असते, खातेदाराच्या हातात पॅनकार्ड नसते, आणि काम उरकायचे असते. पण हे ऐकणाऱ्याच्या मनात पक्के बसते की 49 हजारांची नोंद कुठेच जात नाही. ते खरे नाही.

नियम आधी नीट मांडतो, कारण तीन वेगवेगळे प्रश्न काउंटरवर एकच होऊन जातात. पॅन कधी सांगायचा, हा पहिला. बँक आयकर खात्याला कधी कळवते, हा दुसरा. पैसे काढताना कर कधी कापला जातो, हा तिसरा. तिन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही.

आयकर नियम 114बी प्रमाणे एका बँकेत एका दिवसात 50,000 रुपयांहून जास्त रोख भरली तर पॅन लिहावा लागतो. बरोबर 50,000 भरले तर या नियमाने लागत नाही, वर एक रुपया गेला तर लागतो. पॅनऐवजी आधार क्रमांकही चालतो. ज्याच्याकडे पॅन नाही त्याने फॉर्म 60 भरून द्यायचा. पॅन सांगायची ही अट दिवसाच्या रकमेवर आहे आणि ती एवढीच आहे.

वर्षाच्या रकमेवर दुसरी अट आहे. 26 मे 2022 पासून, एका आर्थिक वर्षात एका बँकेतल्या एक किंवा अधिक खात्यांत मिळून 20 लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, किंवा तेवढी काढली, तर पॅन किंवा आधार सांगणे सक्तीचे आहे. चालू खाते किंवा कॅश क्रेडिट खाते उघडतानाही तो लागतो. येथे दिवसाला किती भरले याला महत्त्व नाही.

आणि आयकर खात्याला कळवण्याचा नियम, 114ई, तर दिवसाचा विचारच करत नाही. चालू खाते आणि मुदत ठेव सोडून बाकीच्या खात्यांत, म्हणजे मुख्यतः बचत खात्यांत, एका माणसाची वर्षभरातली रोख भरणा मिळून 10 लाख किंवा जास्त झाली की बँकेने फॉर्म 61ए मध्ये ती कळवायची. मुदत पुढच्या 31 मेपर्यंत. चालू खात्यासाठी हीच मर्यादा 50 लाख आहे, तीही भरण्याला आणि काढण्याला वेगवेगळी लागू. एकाच बँकेत त्याच माणसाची दोन बचत खाती असली तर दोन्हींची बेरीज होते. ही माहिती त्या माणसाच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये उतरते. बचत खात्यातल्या रोखीची नोंद तेथे SFT-004 या सांकेतिक क्रमांकाखाली दिसते, चालू खात्याची SFT-003 खाली.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. व्यक्ती काल्पनिक आहे, पण असा हिशेब दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या पासबुकात असतो.

म्हापशाच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक बाई. एप्रिल-मे हे तिचे खरे दिवस. पावसाळ्यापूर्वी घरोघरी पुरुमेंताची खरेदी चालते. सुकें बांगडे, सुंगटां, खारें यांचा साठा याच काळात होतो. वर्षाची विक्री 14 लाख. माल रोखीने घेतल्यावर जे उरते ते ती बँकेत भरते. काउंटरवरचा सल्ला ऐकून तिने 2024-25 या वर्षात 22 वेळा 49,000 रुपये भरले. बेरीज 10,78,000. विसाव्या भरण्याला 9,80,000 झाले होते. एकविसाव्याला 10,29,000 होऊन मर्यादा ओलांडली गेली.

तिने सल्ला न ऐकता पॅन लिहून 98,000 रुपये 11 वेळा भरले असते तर? बेरीज तीच, 10,78,000. बँकेने आयकर खात्याला कळवलेला आकडाही तोच. पॅनची अट टाळून तिला काहीच मिळाले नाही. उलट दुप्पट खेपा झाल्या.

शिवाय केवायसीच्या वेळीच तिचा पॅन खात्याला जोडलेला आहे, जसा आता बहुतेक खात्यांना असतो. स्लिपवर पॅन न लिहिल्याने नोंद पॅनविना होत नाही. बँकेची संगणकप्रणाली खात्याला जोडलेल्या पॅनवरच वर्षाची बेरीज करते. हे तुम्हाला माहीत आहे, खातेदाराला नाही. "पॅन लागेल" या दोन शब्दांनी त्याला घाबरवून पाठवण्यापेक्षा "तुमचा पॅन खात्याला आहेच, फक्त स्लिपवर लिहा" एवढे सांगायला तेवढाच वेळ लागतो.

मुळात या बाईला घाबरण्याचे कारणच नाही. 10 लाखांची नोंद म्हणजे 10 लाखांवर कर नव्हे. कलम 44एडी प्रमाणे छोट्या व्यावसायिकाला रोख विक्रीच्या 8 टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येते. 14 लाखांचे 8 टक्के म्हणजे 1,12,000 रुपये. कर शून्य. 14 लाखांच्या विक्रीतून 10,78,000 बँकेत आले, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटण्यासारखे आहे. तिला फक्त विवरणपत्र भरायचे होते आणि विक्रीची वही ठेवायची होती.

पण 49 हजार भरले की नोंद होत नाही असे तिला वाटले, म्हणून तिने दोन्ही केले नाही. मग एआयएसमध्ये 10,78,000 दिसतात, समोर विवरणपत्र नाही, वही नाही, आणि पासबुकात एकाच रकमेच्या 22 नोंदी ओळीने. पैशांचा स्रोत दाखवता आला नाही तर कलम 69ए लागू शकते. तेव्हा कर 115बीबीई प्रमाणे 60 टक्के, त्यावर 25 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर, मिळून 78 टक्के. 10,78,000 वर तो 8,40,840 रुपये होतो, दंड वेगळाच. जिचा कर शून्य होता तिला हा आकडा दाखवणारी विचारणा येऊ शकते, आणि त्याची सुरुवात काउंटरवरच्या त्या एका वाक्यात असते.

तुमच्याच दृष्टीने आणखी एक बाब गंभीर आहे. मर्यादेच्या जरा खाली राहून पुन्हा पुन्हा भरलेली रोख हे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालच्या देखरेखीत संशयाचे ठरलेले लक्षण आहे. असा नमुना दिसला तर बँकेने तो संशयास्पद व्यवहार म्हणून एफआययूला, म्हणजे केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवायचा असतो, आणि कळवल्याचे खातेदाराला सांगायचे नसते. म्हणजे एक कर्मचारी काउंटरवर ज्या पद्धतीने भरायला सांगतो, त्याच पद्धतीसाठी आतला दुसरा विभाग त्याच खातेदाराला संशयित म्हणून नोंदवू शकतो. खातेदाराला दोन्हींचा पत्ता नाही. हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

दुसरी तक्रार संयुक्त खात्यांची. गोव्यात पती-पत्नीचे, आई-मुलाचे संयुक्त बचत खाते ही सर्रास पद्धत आहे, आणि त्यात धंद्याची रोखही जाते. नियम 114ई सांगतो की खाते एकाहून अधिक नावांवर असेल तर पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या नावे कळवायची. अर्धी-अर्धी नव्हे. त्यामुळे वरच्या बाईचे खाते नवऱ्याबरोबर संयुक्त असले तर 10,78,000 तिच्या एआयएसमध्ये येतात आणि पुन्हा 10,78,000 नवऱ्याच्याही. नवरा खासगी कंपनीत नोकरीला, पगारातून कर कापला जातो, विवरणपत्र वेळेवर भरतो. त्याच्या नावावर अचानक रोख दिसते जी त्याने कधी हाताळलीही नाही.

यात बँकेने नियमच पाळलेला असतो, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच दुरुस्ती अवघड होते. नवरा आयकर पोर्टलवर एआयएस उघडून त्या नोंदीवर `Information relates to other PAN/Year` असा प्रतिसाद देतो आणि पत्नीचा पॅन लिहितो. तो प्रतिसाद पडताळणीसाठी माहिती पाठवणाऱ्याकडे, म्हणजे बँकेकडे जातो. पडताळणीची स्थिती मे 2024 पासून खातेदारालाही एआयएसमध्ये दिसते. बँक आपल्या नोंदी पाहते, खाते संयुक्त आहे, माहिती बरोबर आहे असे उत्तर देते. नोंद तशीच राहते. आमची तक्रार नियमाबद्दल नाही. खाते उघडताना किंवा दुसरे नाव चढवताना ही गोष्ट कोणी सांगत नाही, ही तक्रार आहे. धंद्याची रोख एकट्याच्या नावाच्या खात्यात भरा, एवढी सूचना त्या वेळी मिळाली तर हा सगळा गुंता टळतो.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे, आणि बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना तो बहुधा ठाऊक नसतो. येथील पोर्तुगीज नागरी संहितेखाली समाईक मालमत्तेच्या पद्धतीने विवाह झालेल्या जोडप्यांना आयकर कायद्याचे कलम 5ए लागू होते. पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचे उत्पन्न पती-पत्नीत निम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. त्या बाईचा 1,12,000 रुपये नफा कायद्याने तिचा 56,000 आणि नवऱ्याचा 56,000 असा दाखवायला हवा. खाते तिच्या एकटीच्या नावावर असले तर रोखीची पूर्ण नोंद तिच्या पॅनवर आणि उत्पन्न मात्र निम्मेच. खाते संयुक्त असले तर पूर्ण नोंद दोघांच्या पॅनवर आणि उत्पन्न निम्मे-निम्मे. दोन्ही बाबतीत बँकेचा आकडा आणि विवरणपत्रातला आकडा जुळत नाही. विवाहापूर्वी करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेली असेल तर हे लागू नाही.

हा मेळ घालणे आमचे काम आहे. पण त्यासाठी कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यात रोख भरली याचा पुरावा लागतो, आणि तो फक्त तुमच्याकडे असतो. पासबुकातली CASH DEPOSIT एवढीच नोंद पुरत नाही, कारण भरणारा कोण हे तिच्यातून कळत नाही. जुन्या भरणा स्लिपांच्या प्रती मागितल्या की शाखा हात वर करते. विचारणेला उत्तर देण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. स्लिपा मिळेपर्यंत ती सरते.

तिसरी तक्रार पैसे काढण्याची. येथे चुकीचा सल्ला उलट्या दिशेने चालतो. नियम नसताना अडवणूक होते.

"दोन लाखांच्या वर रोख देता येत नाही, आयकराचा नियम आहे" असे सांगून खातेदारांना परत पाठवले जाते. तो नियम कलम 269एसटीचा आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारासाठी, 2 लाख किंवा जास्त रोख घेऊ नये असे ते कलम सांगते. पण बँकेतून, सहकारी बँकेतून किंवा पोस्टाच्या बचत बँकेतून काढलेल्या रकमेला ते लागू नाही. 5 एप्रिल 2017 च्या अधिसूचनेने ती स्पष्टपणे वगळली आहे. शाखेत त्या दिवशी तेवढी रोख नसेल, दुसऱ्या शाखेचे खाते असेल, किंवा बँकेची स्वतःची मर्यादा असेल, तर तसे सांगा. आयकराचे नाव पुढे करू नका. तसेच 50,000 च्या वर काढतानाही पॅन मागितला जातो. नियम 114बी रोख भरण्याला लागू आहे, काढण्याला नाही. काढताना पॅनची अट येते ती वर्षाला 20 लाखांवर.

खरा नियम आहे तो कलम 194एनचा, आणि त्याच्याबद्दल मात्र आगाऊ कोणी बोलत नाही. एका वर्षात एका बँकेतून 1 कोटीहून जास्त रोख काढली तर वरच्या रकमेवर 2 टक्के कर कापला जातो. खातेदार सहकारी संस्था असेल तर ही मर्यादा 3 कोटी आहे. पण ज्याने लागोपाठच्या मागच्या तीन वर्षांपैकी एकाही वर्षाचे विवरणपत्र भरलेले नाही, त्याची मर्यादा 20 लाखांवर उतरते. 20 लाख ते 1 कोटी या टप्प्यावर 2 टक्के आणि त्याच्या वर 5 टक्के.

सत्तरीतला काजू बियांचा छोटा व्यापारी घ्या. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. बागायतदार बी घेऊन दारात येतो आणि त्याला पैसे रोख हवे असतात. शेतकऱ्याकडून शेतमाल घेताना 10,000 च्या वर रोख दिली तरी नियम 6डीडी प्रमाणे तो खर्च नामंजूर होत नाही, म्हणून रोखीने खरेदी करणे कायद्यात बसते. फक्त एकाच शेतकऱ्याला एका दिवसात 2 लाख किंवा जास्त द्यायचे नाहीत, कारण तेथे 269एसटी लागते. या व्यापाऱ्याने वर्षात एका बँकेतून 32 लाख काढले. तीन वर्षे विवरणपत्र नाही. 20 लाखांच्या वरच्या 12 लाखांवर 2 टक्के, म्हणजे 24,000 रुपये कापले गेले. हंगाम ऐन भरात असताना, मजुरी आणि वाहतुकीसाठी ठेवलेल्या पैशातून.

हे 24,000 बुडत नाहीत. पॅन बरोबर असेल तर ते कापलेल्या कराच्या विवरणात, म्हणजे फॉर्म 26एएसमध्ये दिसतात, त्याच वर्षाचे विवरणपत्र भरून परत मागता येतात, आणि कापलेली रक्कम उत्पन्न म्हणून धरली जात नाही. पण हे त्याला कोणी सांगितले नाही तर तो विवरणपत्र भरणार नाही आणि परतावा कधीच मिळणार नाही. बँकेला हे आधी कळते. आयकर पोर्टलवर पॅन टाकून खातेदाराला 194एनचा कोणता दर लागू आहे हे तपासायची सोय आहे आणि कापण्यापूर्वी शाखा ती वापरते. मग 15 लाख काढून झाले की त्याला एक संदेश का जाऊ नये? एवढ्या वेळात तो मुदत न संपलेले एखादे विवरणपत्र भरू शकतो, किंवा ज्या मोठ्या बागायतदारांचे खाते आहे त्यांना पैसे खात्यावर पाठवू शकतो.

फॉर्म 60 बद्दल थोडक्यात. तो पॅन नसलेल्यासाठी आहे. पॅन घरी विसरलेल्यासाठी नाही. तरीही घाईत तो कोरा पुढे सरकवून सही घेतली जाते आणि उत्पन्नाचे रकाने नंतर कोणीतरी भरतो. त्या फॉर्मवर शेतीचे उत्पन्न आणि इतर उत्पन्न वेगवेगळे लिहायचे असते आणि खाली ते खरे असल्याची घोषणा असते. खोट्या घोषणेची जबाबदारी सही करणाऱ्यावर पडते. ज्याला पॅन खरोखरच नाही, पण आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला आहे आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख आहे, त्याला आयकर पोर्टलवर `Instant E-PAN` या दुव्यावरून ओटीपी देऊन फुकटात पॅन काढता येतो. एकदा काढला की फॉर्म 60 ची गरजच संपते. शाखेतल्या मदतकक्षाने हे करून दिले तर कित्येक मासळीवाल्यांची आणि भाजीवाल्यांची कायमची सोय होईल.

आता आमच्या मागण्या.

पहिली, "रोज 49 हजार भरा" किंवा त्या अर्थाचा कोणताही सल्ला काउंटरवरून दिला जाणार नाही, असे लेखी परिपत्रक प्रत्येक बँकेने आपल्या गोव्यातील सर्व शाखांना काढावे. त्यात कारणही लिहावे, म्हणजे नव्या रोखपालाला ते कळेल.

दुसरी, रोख काउंटरच्या काचेवर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत एक फलक लावावा. त्यावर एवढेच हवे: दिवसाला 50,000 च्या वर भरल्यास पॅन, वर्षाला 20 लाख भरल्यास किंवा काढल्यास पॅन, बचत खात्यात वर्षाला 10 लाख रोख भरल्यास आणि चालू खात्यात 50 लाख भरल्यास किंवा काढल्यास आयकर खात्याला माहिती, विवरणपत्र न भरणाऱ्याने 20 लाखांच्या वर काढल्यास कर कपात. आणि शेवटी ठळक अक्षरांत, की माहिती जाणे म्हणजे कर लागणे नव्हे.

तिसरी, बचत खात्यातली वर्षाची रोख भरणा 8 लाखांवर गेली की खातेदाराला संदेश पाठवावा. पैसे काढण्यासाठी तोच संदेश 15 लाखांवर जावा. बेरीज तुमच्या प्रणालीत तयारच असते, कारण 31 मेपूर्वी ती तुम्हाला पाठवायचीच आहे.

चौथी, संयुक्त खाते उघडताना अर्जाबरोबर एका ओळीची सूचना द्यावी, की या खात्यातली पूर्ण रोख प्रत्येक खातेदाराच्या नावे कळवली जाईल. जुन्या खातेदारांना ती एकदा संदेशाने कळवावी.

पाचवी, आयकराच्या विचारणेची प्रत दाखवून खातेदाराने भरणा स्लिपांच्या प्रती मागितल्या तर त्या सात दिवसांत द्याव्यात. प्रत्येक शाखेत या कामासाठी आणि एआयएसच्या पडताळणीसाठी एक अधिकारी नेमून त्याचे पद आणि बसण्याची जागा फलकावर लिहावी. बँकेने पाठवलेली माहितीच चुकीची निघाली तर दुरुस्तीचे विवरण पाठवून खातेदाराला तसे लेखी कळवावे.

सहावी, गोव्यात बदलून येणाऱ्या प्रत्येक शाखाधिकाऱ्याला कलम 5ए ची माहिती द्यावी. एका पानाचे टिपण पुरेल. ते लिहून द्यायला आम्ही तयार आहोत, त्यासाठी मोबदला नको.

हे सगळे आत्ताच का, याचेही कारण आहे. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू होतो. कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतील, नियम नव्याने येतील, आणि तुम्हाला कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावेच लागेल. फलकांवरचे आकडे त्या नियमांप्रमाणे तपासून मगच छापावेत. काजूचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि पुरुमेंताची विक्री त्यापाठोपाठ. त्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी 2026 अखेरपर्यंत, कोणत्या मागण्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत हे प्रत्येक बँकेने लेखी कळवावे, अशी आमची विनंती आहे. जी मागणी मान्य नसेल तिचे कारणही लिहावे, म्हणजे आम्ही ते आमच्या पक्षकारांना सांगू शकू.

कळावे,
आपले विश्वासू,
बार्देश, तिसवाडी, फोंडा आणि सत्तरी येथील काही करसल्लागार व हिशेबनीस